वर्गात लिहून घेतलेले चार नमुने आणि एआयचा फ्लॅग

प्रश्न: मॅडम, मी सांगली जिल्ह्यात सीएचबीवर बी.ए.ला मराठी शिकवतो. अंतर्गत गुणांसाठी आलेले प्रकल्प आमच्या विभागात एका साइटवर टाकून बघतात. काही मुलांच्या प्रकल्पांवर 70-80 टक्के एआय असा फ्लॅग येतो. मुलं म्हणतात, आम्हीच लिहिलंय. वर्गात आधी थोडं थोडं लिहून घ्या म्हणजे कोण कसं लिहितं ते कळेल, असं काही जण सुचवतात. हे नेमकं कसं करायचं? आणि त्यावरून खरंखोटं ठरवता येतं का?

उत्तर:

सर, जरूर लिहून घ्या आणि सत्र सुरू झाल्या झाल्या घ्या, फ्लॅग आल्यावर नाही. खरंखोटं ठरवण्याबद्दल माझं मत आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वर्गातलं लेखन आणि प्रकल्प जुळले, तर त्या मुलावरचा संशय सोडून द्यायला तेवढा आधार पुरतो. जुळले नाहीत, तर मुलाला दोषी ठरवायला तेवढा आधार पुरत नाही. मग त्याला बोलावून विचारायचं, एवढंच त्यातून निघतं. नमुन्यांचा उपयोग दोन्ही बाजूंना सारखा नसतो, हे विभागातल्या सगळ्यांनी सुरुवातीलाच मान्य केलं पाहिजे. नाहीतर टक्क्यांच्या जोडीला मुलाविरुद्ध आणखी एक पुरावा हातात आला, असाच या कागदांचा वापर होतो.

साइटवरचा आकडा काय असतो ते थोडक्यात बघू. ही साधनं मजकुरातला पुढचा शब्द किती अपेक्षित होता याचा अंदाज घेतात. वाक्यं एकसारख्या लांबीची आणि शब्द ठरलेल्या वळणाचे असले की आकडा वर जातो. म्हणजे 80 टक्के याचा अर्थ 80 टक्के मजकूर यंत्राने लिहिला असं सिद्ध झालं, असा होत नाही. ओपनएआय कंपनीने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे 91 टोफेल निबंध अशा सात साधनांतून तपासले, तेव्हा माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयचे ठरले. ही इंग्रजीची गत आहे. मराठीसाठी नीट तपासून घेतलेलं साधन माझ्या पाहण्यात नाही. टर्निटिनचा एआय अहवालही इंग्रजी, स्पॅनिश आणि जपानीसाठी आहे, मराठीसाठी नाही. फुकटच्या साइटवर मराठी परिच्छेद चिकटवला तरी आकडा येतोच, पण त्याच्यामागे काय आहे ते कोणी सांगत नाही.

विभागाच्या बैठकीत कोणीतरी यूजीसीच्या 2018 च्या नियमांचा हवाला देईल. त्यातले 10, 40 आणि 60 टक्क्यांचे टप्पे साम्याचे आहेत, म्हणजे दुसऱ्याच्या छापील मजकुराशी किती जुळतं त्याचे. एआयच्या अंदाजाच्या टक्क्यांना ते लावता येत नाहीत. हे तिथल्या तिथे स्पष्ट सांगा.

आपल्या मुलांच्या बाबतीत एक जास्तीची अडचण आहे, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण त्यांना शाळेत निबंध शिकवला तो गाइडमधून. ‘आजच्या विज्ञान युगात’, ‘अनन्यसाधारण महत्त्व आहे’, ‘काळाची गरज आहे’ ही वाक्यं त्यांनी पाचवीपासून पाठ केलीत, आणि त्यांना गुणही मिळालेत. असा मजकूर यंत्राला अत्यंत अपेक्षित वाटतो. त्यामुळे खेड्यातल्या शाळेत मन लावून शिकलेल्या, बाईंनी सांगितलं तसंच लिहिणाऱ्या मुलीचा प्रकल्प आधी अडकतो. मोकळं, वेडंवाकडं लिहिणारा सुटतो. वर्गातले नमुने हवेत ते मुख्यतः या मुलीसाठी.

आता कसं घ्यायचं ते सांगते.

वर्गातच, हाताने, फुलस्केपच्या अर्ध्या पानावर. वेळ पंधरा मिनिटं. एवढ्या वेळात बहुतेक मुलं शंभर ते दीडशे शब्द लिहितात. मोबाइल दप्तरात. गुण नाहीत. गुण आहेत म्हटलं की मुलं लगेच गाइडच्या भाषेत शिरतात आणि तुम्हाला हवं ते मिळत नाही. एका सत्रात चार नमुने पुरतात, पण चारही एकाच प्रकारचे नकोत. बरेच जण इथेच गडबड करतात. ‘माझा आवडता सण’ या विषयावर चार वेळा लिहून घेतात, मग त्या आठवणवजा लेखनाशी संदर्भ देऊन लिहिलेला प्रकल्प ताडून बघतात आणि म्हणतात, बघा, किती फरक आहे! फरक असणारच. आठवण सांगताना आपण एका पद्धतीने लिहितो, माहिती देताना दुसऱ्या.

म्हणून पहिला नमुना आठवणीचा घ्या: घरातलं, शेतातलं, प्रवासातलं काहीही. दुसरा एखादं काम कसं करतात ते सांगण्याचा. हा आपल्या भागात फार चांगला निघतो. तुमच्याकडे तासगावच्या बाजूची मुलं बेदाण्याच्या शेडवर काय चालतं ते लिहितील, मिरजेची कोणी तंबोरा कसा बनतो ते लिहील, सांगलीतली हळदीच्या सौद्याबद्दल लिहितील. तिसरा मताचा: एखाद्या प्रश्नावर तुमचं म्हणणं काय आणि का. चौथ्यासाठी फळ्यावर किंवा कागदावर एक उतारा द्या, तो वाचू द्या, मग कागद उलटा ठेवायला सांगा आणि उताऱ्यात काय म्हटलंय ते स्वतःच्या शब्दांत लिहून घ्या. हा चौथा नमुना प्रकल्पाच्या सगळ्यात जवळ जातो, कारण प्रकल्पातही मुलं पुस्तकातलं वाचून आपल्या शब्दांत मांडत असतात. वेळ फारच कमी असेल तर दुसरा आणि चौथा तरी घ्याच.

मुलांना कारण सांगून टाका. मी वर्गात असं सांगते: ‘तुम्ही कसं लिहिता ते मला माहीत असावं म्हणून हे घेतेय. उद्या तुमच्या प्रकल्पावर कोणी शंका घेतली तर हे कागद तुमच्या बाजूने बोलतील.’ यात लपवण्यासारखं काही नाही. लपवून घेतलं आणि पुढे मुलाच्या समोर ठेवलं, तर त्याचा विश्वास जातो आणि मग तो तुमच्याशी मोकळेपणाने बोलतही नाही.

कागदावर हजेरी क्रमांक, तारीख आणि नमुन्याचा प्रकार एवढंच लिहून घ्या. दुरुस्त करू नका, लाल पेन लावू नका. वाचून झालं की मात्र प्रत्येकाबद्दल दोन ओळी स्वतःच्या वहीत टिपा, आणि त्या प्रकल्प येण्याच्या आधी टिपा. फ्लॅग बघितल्यावर नमुना वाचायला घेतला की डोळा फरकच शोधतो. आधी लिहून ठेवलेल्या दोन ओळी तेव्हा आपल्याला सावरतात.

त्या दोन ओळींत काय टिपायचं? ‘शैली ओघवती’, ‘भाषा साधी’ असलं काही उपयोगाचं नाही, ते निम्म्या वर्गाला लागू पडतं. बारीकसारीक सवयी बघा, ज्यांच्याकडे लिहिणाऱ्याचं स्वतःचंही लक्ष नसतं. दोन वाक्यं जोडायला तो काय वापरतो: ‘आणि’, ‘व’, ‘नि’, ‘मग’, की काहीच नाही? कारण आधी सांगतो की नंतर? ‘पाऊस आला म्हणून काम थांबलं’ लिहिणारी मुलं वेगळी आणि ‘काम थांबलं, कारण पाऊस आला’ लिहिणारी वेगळी, आणि ही सवय सहसा बदलत नाही. दुसऱ्याचं बोलणं कसं देतो? ‘आई म्हणाली की जा’ असं, ‘जा असं आई म्हणाली’ असं, की नुसतंच ‘आई म्हणली, जा’? क्रियापदं ‘केलं, सांगितलं’ अशी आहेत की ‘केले, सांगितले’ अशी? आणि मधूनच एकातून दुसरीत जातो का? आपल्याकडची पुष्कळ मुलं ‘सांगितले’ने सुरुवात करतात आणि गोष्ट रंगली की ‘सांगितलं’वर येतात. कुठे येतात ते बघण्यासारखं असतं. शेवटी, परिच्छेद कसा संपवतो आणि त्याला काय दिसतं हे बघा: माणसं, वस्तू, आकडे की नुसते विचार?

हे छोटे शब्द उगाच सांगत नाही. अमेरिकेत अठराव्या शतकातल्या काही वादग्रस्त लेखांचा लेखक कोण, हे मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये अशाच बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या शब्दांवरून ठरवलं. विषय बदलला की मोठे शब्द बदलतात, छोटे शब्द फारसे बदलत नाहीत. पण तशी मोजणी करायला लेखकाचे हजारो शब्द हाताशी लागतात. आपल्याकडे असतात पाचशे-सहाशे. म्हणून नमुन्यातले ‘मग’ मोजून टक्केवारी काढायच्या भानगडीत पडू नका. तो एका फसव्या आकड्याला दुसरा आकडा लावण्याचा प्रकार होईल. इथे उपयोग आहे तो वाचून आलेल्या ओळखीचा.

आणि काय ताडून बघायचं नाही, तेही तितकंच नीट लक्षात ठेवा. शुद्धलेखन बघायचं नाही. वर्गात हाताने ‘आनि’, ‘पानी’, ‘दीवस’ लिहिणाऱ्या मुलाचा टाइप केलेला प्रकल्प स्वच्छ येतो, कारण मोबाइलचा कीबोर्ड शब्द सुरू केला की बरोबर रूप पुढे करतो आणि मूल ते निवडतं. ‘वर्गात न-ण कळत नाही आणि प्रकल्पात एकही चूक नाही’ हा मुद्दा प्रत्येक वेळी कोणीतरी मांडतंच, आणि तो अजिबात धरायचा नाही. दुसरं, बरीच मुलं आता बोलून टाइप करतात. बोलून टाइप केलेल्या मजकुरात ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘हिकडं’ पुसलं जातं, प्रमाण रूपं येतात आणि विरामचिन्हं गायब होतात किंवा नंतर कोणाकडून तरी घातलेली असतात. त्यामुळे विरामचिन्हांवरूनही काही ठरवू नका. शब्दांचं रूप यंत्र बदलतं, पण वाक्य कुठून सुरू करायचं, कारण कुठे ठेवायचं, पुढे कोणती गोष्ट सांगायची, हे बोलून लिहिलं तरी मुलाचंच राहतं. आपण तेच ताडून बघायचं.

एक उदाहरण सविस्तर देते. ओळख पटू नये म्हणून बारीक तपशील बदललेत.

कराडच्या बाजूची एक विद्यार्थिनी, दुसऱ्या वर्षाला. प्रकल्प होता गावातल्या एखाद्या उद्योगाच्या शब्दसंग्रहावर. तिने गुऱ्हाळ घेतलं होतं. साइटने 78 टक्के दाखवले. ज्यांनी तपासलं त्यांनी पहिलं पान वाचलं आणि त्यांची खात्रीच पटली. ते पान असं सुरू होत होतं: ‘भारत हा कृषिप्रधान देश असून ग्रामीण अर्थव्यवस्थेत गूळ उद्योगाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. या उद्योगाने असंख्य हातांना रोजगार उपलब्ध करून दिला आहे.’ वर्गात गप्प बसणारी, अर्ध्या पानात चार खाडाखोडी करणारी मुलगी असं लिहील का, असा त्यांचा प्रश्न.

तिचे नमुने काढले. दुसऱ्या नमुन्यात, म्हणजे काम कसं करतात ते सांगण्याच्या, तिने योगायोगाने गुऱ्हाळावरच लिहिलं होतं. शुद्धलेखन सोडलं तर ते असं होतं: ‘गुळव्या म्हणजे माझे मामा. रस उकळला की मळी वर येते, मग ते भेंडीचं पाणी टाकतात. मळी नीट काढली नाही तर गूळ काळा पडतो, म्हणून त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलत नाही.’ माझ्या वहीत तिच्या नावापुढे टीप होती: ‘की-मग-म्हणून. व नाही. कारण नाही. शेवट माणसावर.’ आठवणीच्या नमुन्यातही तेच होतं. एसटी चुकल्याची गोष्ट होती आणि शेवटचं वाक्य कंडक्टरवर होतं.

मग प्रकल्पाचं तिसरं पान वाचलं. तिथे काहील उतरवण्याचा भाग होता: ‘काहील चुलवणावरून उतरवायची वेळ चुकली की सगळा दिवस वाया जातो. पाक पाण्यात टाकून बघतात, गोळी झाली तर उतरवतात, नाहीतर थांबतात, म्हणून घाई करणारा माणूस गुळव्या होत नाही.’ वाक्य ‘की’ने उघडतं, मध्ये ‘तर-नाहीतर’ येतं, शेवटी ‘म्हणून’ आणि त्यानंतर माणूस. आठ पानांत ‘व’ सापडला तो फक्त पहिल्या आणि शेवटच्या पानावर. ‘कारण’ही तिथेच.

म्हणजे मधली सहा पानं तिची होती, यात मला शंका राहिली नाही. पहिलं आणि शेवटचं पान वेगळं होतं. नाव काढून पहिलं पान साइटवर एकटं टाकलं तेव्हा आकडा आणखी वर गेला. तिसरं पान एकटं टाकलं तेव्हा तो खूप खाली आला. आठ पानांना मिळून लावलेला एकच आकडा असा दोन पानांमुळे फुगलेला होता. तिला बोलावून विचारलं तर ती म्हणाली, ‘प्रस्तावना अशीच लिहायची असते ना मॅडम? दहावीला आम्ही अशीच लिहायचो.’ तिने दहावीच्या वहीतली प्रस्तावना काढून विषय बदलून घातली होती, ती वहीसुद्धा तिने आणून दाखवली. गुण कापायचे असतील तर ते ठोकळेबाज प्रस्तावनेचे कापायला हवेत, आणि तेही थोडे. ती पुन्हा लिहून घेतली. नव्या प्रस्तावनेचं पहिलं वाक्य होतं, ‘आमच्या गावात आधी चार गुऱ्हाळं होती, आता एकच आहे.’

यात एक करण्यासारखं होतं, ते आम्ही नंतर सुरू केलं. ज्या शिक्षकाने फ्लॅग पाहिला त्यानेच नमुना ताडायचा नाही. प्रकल्पातली मधली दोन पानं नाव काढून घ्यायची. त्या मुलीचे आणि त्याच वर्गातल्या आणखी तीन जणांचे नमुने घ्यायचे. नमुने कोणाकडून तरी टाइप करून घ्यायचे आणि शुद्धलेखन सरळ करून घ्यायचं, म्हणजे अक्षरावरून किंवा चुकांवरून अंदाज बांधता येत नाही. मग विभागातल्या दुसऱ्या कोणाला विचारायचं: ही दोन पानं या चौघांपैकी कोणाची वाटतात, आणि का? त्यांनी तीच मुलगी ओळखली आणि कारणही सवयींमधलं दिलं, तर विषय तिथेच मिटवायचा. ओळखता आलं नाही, तर त्यावरून एवढंच कळतं की नमुन्यांवरून सांगता येत नाही. तिने लिहिलं नाही, असं त्यातून कळत नाही. विषयावरून ओळख पटू नये म्हणून नमुने निवडताना प्रकल्पाच्याच विषयावरचा नमुना बाजूला ठेवावा लागतो. वरच्या उदाहरणात मी गुऱ्हाळाच्या ऐवजी एसटीचा नमुना दिला असता.

आता जिथे काहीच जुळत नाही तिथे काय करायचं? बोलावून दहा मिनिटं बोला. एकटं बोलवा, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर नको, आणि पहिलं वाक्य ‘हे तू लिहिलंस का?’ असं नको. ‘तू हा प्रकल्प कसा केलास ते पहिल्यापासून सांग’ म्हणा. कुठे गेलास, कोणाला विचारलंस, हा शब्द कुठे मिळाला, यातलं काय लिहिलंस आणि शेवटी गाळलंस? गाळलेल्याबद्दल जरूर विचारा. स्वतः लिहिणाऱ्याकडे गाळलेलं काहीतरी असतंच. गुगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर त्याच्याच मोबाइलवर किंवा संगणकावर Version history उघडून दाखवायला सांगा. मजकूर हळूहळू वाढत गेला असेल तर तो सगळ्यात चांगला आधार. एकदम चिकटवलेला दिसला तरी लगेच निष्कर्ष काढू नका. बरीच मुलं आधी वहीत लिहितात, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतात आणि मग चिकटवतात. वही मागा. बोलणं झालं की प्रकल्पातला एक मुद्दा देऊन तिथेच अर्धं पान लिहायला सांगा.

माझ्यासमोर एक मुलगा असा आला होता. त्याचे नमुने आणि प्रकल्प यांचा काही संबंधच दिसत नव्हता. बोलताना विषयाची माहिती मात्र त्याला पूर्ण होती, माणसांची नावं, गावं, सगळं. शेवटी कळलं की माहिती त्याची होती आणि भाषा त्याच्या डी.एड. झालेल्या बहिणीची. यात एआय नव्हतंच. तरी लेखन त्याचं नव्हतं हेही खरं. आम्ही त्याच माहितीवर त्याच्याकडून पुन्हा लिहून घेतलं, ते पहिल्यापेक्षा कच्चं होतं, आणि त्याला त्या कच्च्या लेखनाचे गुण दिले. शिक्षेचा प्रश्न काढला नाही, कारण बहिणीला दाखवू नको असं आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. घरच्यांची, मित्राची, मोबाइलची किती मदत चालेल हे प्रकल्प देतानाच लिहून द्या. जे सांगितलं नाही ते मोडलं म्हणून नंतर धरता येत नाही.

काही मुलांच्या बाबतीत नमुना मुळातच कमी सांगतो. तुमच्याकडे जतच्या बाजूची मुलं असतील, त्यांच्या घरी कन्नड बोलतात. पंधरा मिनिटांत त्यांची मराठी अडखळते, लिंग-वचन सुटतं, आणि घरी चार दिवस घेऊन लिहिलेली मराठी खूप बरी असते. त्यांना पंचवीस मिनिटं द्या, आणि वेग कमी आहे म्हणून लेखन वेगळं समजू नका. लिहिण्याची अडचण असलेल्या मुलांनाही हेच. दुसरी अडचण गैरहजेरीची. द्राक्षाच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत कामाला जाणारी मुलं नेमकी नमुन्याच्या तासाला नसतात, आणि नमुना नाही म्हणून शंका वाढते. त्यांच्यासाठी आठवड्यातला एखादा मोकळा तास ठेवून तेवढेच नमुने घ्या. तरीही नमुना मिळाला नाही, तर ते त्यांच्या विरुद्ध मोजायचं नाही, हे विभागाने ठरवून लिहून ठेवावं. आणि वर्षभरात मुलं बदलतात. तुम्ही चांगलं शिकवलंत तर जूनचं लेखन आणि मार्चचं लेखन वेगळं दिसायलाच हवं, म्हणून नेहमी प्रकल्पाच्या तारखेजवळचा नमुना धरा.

कागद कुलपात ठेवा, त्यांचे फोटो काढून विभागाच्या ग्रुपवर टाकू नका. मुलं त्यात घरचं लिहितात. वर्षाचा निकाल लागला की ज्याचे त्याला परत द्या.

तुमच्या हातात आत्ता जे प्रकल्प अडकलेत त्यांचे नमुने नाहीत, हे मला कळतं. दोन गोष्टी करता येतील. महाविद्यालयाने गेल्या सत्राच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका ठेवल्या असतील तर त्या काढा. पाच-सात गुणांची उत्तरं म्हणजे वर्गात, हाताने, कोणाच्या मदतीशिवाय लिहिलेलाच मजकूर आहे, फक्त पाठांतराची उत्तरं बाजूला ठेवा आणि ‘तुमचे मत लिहा’ छापाची घ्या. दुसरं, या आठवड्यात उताऱ्याचा आणि कामाच्या वर्णनाचा असे दोन नमुने घ्या, पण संपूर्ण वर्गाकडून घ्या. फक्त फ्लॅग लागलेल्यांना वेगळं बसवलंत तर ती मुलं घाबरून लिहितील, त्यांचं लेखन त्यांचं वाटणार नाही, आणि बाकीच्या वर्गाला त्यांची नावं कळतील. हे होईपर्यंत अंतर्गत गुणांच्या यादीत त्या प्रकल्पांना इतरांसारखेच, मजकूर बघून गुण द्या, आणि साइटचा आकडा गुणपत्रकावर किंवा शेऱ्यात कुठेही लिहू नका.